अंतर किती, आणि कशाच्या भरवशावर?

ताऱ्यांच्या अंतरांवर सादरीकरण करणारा विद्यार्थी चौथ्या-पाचव्या स्लाइडवर हमखास एक शिडी दाखवतो. खालच्या पायरीवर पराशय, म्हणजे पॅरलॅक्स, त्यावर तारकागुच्छ, त्यावर सेफीड तारे, सर्वांत वर सुपरनोव्हा. मग एक तक्ता येतो, त्यात प्रत्येक पद्धतीसमोर पल्ला लिहिलेला असतो. सादरीकरण संपतं, टाळ्या होतात आणि प्रश्न सुरू होतात. ‘तिथे पोचायला किती वर्षं लागतील?’, ‘आज दिसणारा तारा आज अस्तित्वात असेल का?’ हे प्रश्न वाईट नाहीत. पण ते ज्या आकड्यावर उभे आहेत तो आकडा कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

पदार्थविज्ञान शिकवण्यात नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर अशा सादरीकरणांना परीक्षक म्हणून बसणं आलं. माझे प्रश्न ठरलेले असतात, मुलांना ते आता पाठही झाले असावेत. हे अंतर बरोबर असायचं तर आणखी काय काय खरं असावं लागेल? त्यातलं एखादं खरं नसेल तर ते तुला कळेल कसं? आणि मोजमाप पुष्कळदा केलं म्हणतोस, पण ती मापं एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र होती का?

मुलं पहिल्या प्रश्नाला सेफीड किंवा सुपरनोव्हाकडे धावतात, कारण गृहीतकं वरच्या पायऱ्यांवर असतात आणि पराशय म्हणजे निव्वळ भूमिती, असा समज पक्का असतो. म्हणून मी त्यांना कृत्तिकांकडे आणतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, पंचांगातही असलेला हा तारकागुच्छ. त्याचं अंतर सतरा-अठरा वर्षं वादात होतं, आणि वाद नेमका सर्वांत खालच्या पायरीवर होता.

आधी पराशय म्हणजे काय ते थोडक्यात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात किंचित डोलताना दिसतो. या डोलण्याचा अर्धा कोन म्हणजे पराशय. तो एक विकला, म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग असेल, तर ताऱ्याचं अंतर एक पार्सेक, म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं. कोन निम्मा तर अंतर दुप्पट: d = 1/p. इतकं सोपं सूत्र खगोलशास्त्रात क्वचितच सापडतं. 1838 साली बेसेलने हंस तारकासमूहातल्या ‘61 सिग्नी’ या ताऱ्याचा पराशय मोजला, तेव्हा त्याला 0.31 विकला मिळाले; आजचं माप 0.286 च्या आसपास आहे. बेसेलने हा तारा शेजारच्या दोन मंद ताऱ्यांशी ताडून पाहिला होता, म्हणजे ते दोन तारे खूपच दूर आहेत असं त्याने धरलं होतं. तेही थोडे डोलत असतील, तर मोजलेला कोन खऱ्यापेक्षा तेवढा कमी येणार. ‘निव्वळ भूमिती’त शिरलेलं हे पहिलं गृहीतक.

ते टाळण्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेने 1989 मध्ये हिप्पार्कोस हा उपग्रह सोडला. त्याची रचना हुशारीची होती. आकाशात एकमेकींपासून 58 अंशांवर असलेल्या दोन दिशांची चित्रं तो एकाच वेळी एकाच पटलावर पाडायचा आणि स्वतःभोवती फिरत फिरत सगळं आकाश विंचरून काढायचा. इतक्या दूरदूरच्या दोन ताऱ्यांचं डोलणं एका तालात नसतं. त्यामुळे शेजारच्या ताऱ्याच्या भरवशावर न राहता प्रत्येकाचा खरा पराशय काढता येतो. 1997 मध्ये जवळजवळ 1 लाख 18 हजार ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. एकेका ताऱ्याच्या पराशयातली अनिश्चितता विकलेच्या हजाराव्या भागाच्या आसपास होती. चंद्रावर उभा असलेला माणूस पृथ्वीवरून डोक्यापासून पायापर्यंत जेवढा दिसेल, साधारण तेवढा हा कोन.

आणि त्या यादीत कृत्तिका जवळ आल्या. तोवर सगळे त्यांचं अंतर 130 पार्सेकच्या थोडं पुढेच धरत होते. हिप्पार्कोसने सांगितलं 118. पुढे सगळ्या विदेची नव्याने छाननी झाली आणि 2009 मध्ये आकडा आला 120, तोही जेमतेम दोन पार्सेकांची अनिश्चितता लावून.

दहा-बारा टक्क्यांचा तर फरक, असं कुणालाही वाटेल. पण आधीचं अंतर कुठून आलं होतं ते पाहिलं की या फरकाची धार कळते. ते आलं होतं ताऱ्यांच्या रंगावरून. हायड्रोजन जाळणाऱ्या प्रौढ ताऱ्यांचा रंग आणि त्यांची खरी तेजस्विता यांचं नातं ठरलेलं असतं. आलेखावर मांडले तर ते एका तिरक्या पट्टीत बसतात, तिला मुख्य श्रेणी म्हणतात. कृत्तिकांची पट्टी घ्यायची, अंतर माहीत असलेल्या गुच्छाच्या किंवा सैद्धांतिक प्रतिमानाच्या पट्टीवर बसेपर्यंत वर-खाली सरकवायची, आणि किती सरकवावी लागली त्यावरून अंतर काढायचं. यात गृहीतकं आहेत आणि ती उघड आहेत. दोन्हीकडच्या ताऱ्यांचं रासायनिक घटन सारखं असावं किंवा त्यातला फरक माहीत असावा. वाटेतल्या धुळीने किती प्रकाश खाल्ला ते माहीत असावं. आणि ताऱ्याचं अंतरंग आपल्याला समजलेलं असावं.

हिप्पार्कोसचं अंतर खरं मानलं, तर कृत्तिकांमधले तारे त्यांच्या रंगाच्या मानाने सुमारे पाव प्रतीने मंद ठरत होते, म्हणजे तेजस्वितेत वीसेक टक्के कमी. ताऱ्यांच्या अंतरंगाचं जे गणित सूर्याला लागू पडतं, रोहिणीजवळच्या हायडीज गुच्छाला लागू पडतं, ते कृत्तिकांपाशी आल्यावर वीस टक्क्यांनी चुकेल, हे पचणं कठीण होतं. शिवाय हायडीजचं हिप्पार्कोसने दिलेलं अंतर, सुमारे 46 पार्सेक, सगळ्यांनाच मान्य होतं. त्यामुळे उपग्रहच बिघडलेला आहे असंही म्हणता येईना.

इथे मी विद्यार्थ्यांना थांबवतो आणि विचारतो, हिप्पार्कोसला वाचवायचं असेल तर काय खोटं मानावं लागेल? चांगला वर्ग असला की उत्तरं भराभर येतात. धूळ? कृत्तिकांभोवती निळसर धूसर ढग दिसतोच. पण धूळ दुर्लक्षली तर तारा मंद भासतो आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त येतं. ते 132 वरून 120 वर यायला जेवढी धूळ लागेल तेवढी ताऱ्यांच्या रंगात दिसत नाही. रंगावरचा परिणाम फार थोडा आहे. मग घटन? ज्या ताऱ्यात लोह वगैरे जड मूलद्रव्यं कमी, तो त्याच रंगाच्या इतर ताऱ्यांहून मंद असतो. म्हणजे कृत्तिका ‘गरीब’ निघाल्या तर हिप्पार्कोस सुटतो. ही वाट खरोखरच चोखाळून झाली. पण वर्णपटात कृत्तिकांमधलं लोहाचं प्रमाण जवळजवळ सूर्याइतकंच दिसतं. तरुण तारे वेगाने फिरतात, त्यांच्यावर डाग असतात, त्यामुळे रंगच फसवा येतो का? हा मुद्दा खरा आहे, पण तो थंड, लहान ताऱ्यांपुरता. गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांना तो लागू होत नाही.

दोन पद्धती भांडत असतील तर तिसरी आणावी, पण तिची गृहीतकं पहिल्या दोघींपेक्षा वेगळी असावीत. तशी ती 2004 मध्ये आली. शियाओपेई पॅन, मायकेल शाओ आणि श्रीनिवास कुलकर्णी यांनी ‘नेचर’मध्ये कृत्तिकांमधल्या अ‍ॅटलास या ताऱ्याचं अंतर दिलं. (कुलकर्णींचा जन्म कुरुंदवाडचा. कोल्हापूरकडच्या मुलांना हे सांगितलं की ती जरा सावरून बसतात.) अ‍ॅटलास हा जोडतारा आहे. त्याचे दोन घटक एकमेकांभोवती 291 दिवसांत एक फेरी घेतात. ते इतके जवळ आहेत की साध्या दुर्बिणीत वेगळे दिसत नाहीत. पालोमारच्या इंटरफेरोमीटरने, म्हणजे शंभरेक मीटर अंतरावरच्या छोट्या आरशांमधला प्रकाश एकत्र आणून, त्यांच्या कक्षेचा आकार मोजला. कक्षेचा अर्ध-दीर्घ अक्ष आकाशात विकलेच्या 13 हजारांशांएवढा भरला.

हे गणित फळ्यावर करण्यासारखं आहे. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की वस्तुमान सूर्याच्या पटीत, काळ वर्षांत आणि कक्षा पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घेतली, तर कक्षेचा घन म्हणजे वस्तुमान गुणिले काळाचा वर्ग. 291 दिवस म्हणजे 0.797 वर्षं, त्याचा वर्ग 0.635. दोन्ही घटकांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या सुमारे 8 पट. गुणाकार 5.08, त्याचं घनमूळ 1.72. म्हणजे कक्षा पृथ्वी-सूर्य अंतराच्या 1.72 पट, आणि ती दिसते 0.013 विकला. भागाकार केला की अंतर आलं, 132 पार्सेक.

आता गृहीतक कुठे आहे? त्या 8 मध्ये. पॅन आणि सहकाऱ्यांकडे ताऱ्यांच्या वेगांची मापं नव्हती. अ‍ॅटलाससारख्या तप्त, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांच्या वर्णरेषा इतक्या पसरट असतात की त्यांतून वेग काढणं जिकिरीचं होतं. त्यामुळे वस्तुमान तेजस्वितेवरून घ्यावं लागलं. मग उलटा प्रश्न विचारायचा. अंतर 120 पार्सेक यायचं तर वस्तुमान किती हवं? 0.013 गुणिले 120 म्हणजे 1.56, त्याचा घन 3.8, भागिले 0.635, उत्तर 6. म्हणजे 8 च्या जागी 6 हवं, वस्तुमान पाव हिश्श्याने कमी. घनमुळाची ही मोठी कृपा आहे: वस्तुमानात दहा टक्के चूक झाली तरी अंतर तीनच टक्क्यांनी हलतं.

एकदा एका मुलीने इथे मला अडवलं. ‘सर, वस्तुमान तेजस्वितेवरून काढलंय आणि तेजस्विता अंतरावरून. मग हे फिरून तिथेच आलं ना?’ त्या सत्रात आलेला सर्वांत चांगला प्रश्न तो. तो तिथल्या तिथे सोडवता येतो. अंतर 132 ऐवजी 120 मानलं तर तेजस्विता सुमारे सतरा टक्क्यांनी घटते. पण तेजस्विता वस्तुमानाच्या साधारण साडेतिनाव्या घाताने बदलते, त्यामुळे वस्तुमान घटतं फक्त पाचेक टक्क्यांनी, 8 चं साडेसातच्या थोडं वर येतं. ते परत केप्लरच्या नियमात घातलं की अंतर जवळजवळ 130 येतं. म्हणजे चक्र आहे खरं, पण 120 पासून सुरुवात केली तरी ते तिथे टिकत नाही, वरच सरकतं. म्हणूनच लेखकांनी एक आकडा न देता 133 ते 137 असा पल्ला दिला होता. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने अ‍ॅटलासच्या घटकांचे वेगही मोजले. तेजस्वितेवरून वस्तुमान घेण्याची गरजच मग संपली, आणि अंतर आलं 132, अधिक-उणे 4.

त्यानंतर हबल दुर्बिणीने कृत्तिकांमधल्या तीन ताऱ्यांचे पराशय मोजले, अंतर सुमारे 135. 2014 मध्ये खंडोखंडीच्या रेडिओ दुर्बिणी जोडून, दूरच्या क्वेसारच्या संदर्भाने, गुच्छातल्या मोजक्या ताऱ्यांचे पराशय काढले, अंतर 136. आक्षेप आलाच की तीन-चार तारे गुच्छाच्या मागच्या बाजूचे असतील तर? रास्त आक्षेप, पण गुच्छाचा मुख्य भाग काही पार्सेकांचाच आहे, पंधरा पार्सेक त्यात मावत नाहीत.

मग हिप्पार्कोसचं बिनसलं कुठे? माझा तिसरा प्रश्न इथे लागतो. एका ताऱ्याच्या मापात हजारांश विकलेची अनिश्चितता होती आणि कृत्तिकांचे पन्नासेक तारे यादीत होते. सरासरी घेतली की अनिश्चितता पन्नासच्या वर्गमुळाने, म्हणजे सातपटीने घटते आणि हजारांशाचा सातवा भाग उरतो. 2009 च्या आकड्याला लावलेली अनिश्चितता साधारण तेवढीच होती. पण हा भागाकार चालतो तो पन्नासही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. आकाशाच्या छोट्या तुकड्यात दाटीने असलेले तारे उपग्रहाने पुन्हा पुन्हा एकत्रच टिपले. त्या तुकड्यापुरती एखादी चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली असेल, तर पन्नास तारे घ्या की पाचशे, सरासरीत ती तशीच राहते. पिन्सनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्येच ही शंका मांडली होती. वादातला सगळा फरक होता सुमारे एक हजारांश विकला, एका ताऱ्याच्या अनिश्चिततेएवढाच. हायडीजवर अशी चूक झाली असती तरी ती खपून गेली असती, कारण त्यांचा पराशय विकलेचे एकवीस-बावीस हजारांश आहे. कृत्तिकांचा आहे सातच्या थोडा पुढे.

माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट ‘उपग्रह चुकला’ ही नाही. हिप्पार्कोसच्या एकेका ताऱ्याची मापं त्यांच्या अनिश्चिततेच्या आत बरोबरच म्हणावी लागतात. फसलं ते सरासरीमागचं गृहीतक, आणि ते पराशयाच्या व्याख्येत कुठेच लिहिलेलं नसतं.

2013 च्या डिसेंबरात गाइया हा उपग्रह गेला तेव्हा हा धडा हाताशी होता. गाइयाचीही रचना दोन दिशांचीच, मधला कोन 106.5 अंश. हा कोन सूर्याच्या दिशेशी ताल धरून किंचित जरी हलला, तरी सगळ्या ताऱ्यांच्या पराशयात सारखीच भर किंवा घट पडते आणि नुसत्या ताऱ्यांकडे पाहून ती ओळखता येत नाही. मग ओळखायची कशी? ज्यांचा पराशय शून्यच असायला हवा अशा वस्तूंकडे बघायचं. क्वेसार अब्जावधी प्रकाशवर्षांवर असतात, त्यांचं डोलणं नगण्य. गाइयाच्या 2020 च्या यादीत त्यांचा पराशय शून्य आला नाही, उणे 0.017 हजारांश विकला आला. दुरुस्ती करावी लागते ती इथून सुरू होते, आणि ती ताऱ्याच्या तेजावर, रंगावर आणि आकाशातल्या जागेवरही थोडी अवलंबून असते. कृत्तिकांच्या बाबतीत ही दुरुस्ती किरकोळ आहे, पाव टक्क्याच्या आसपास. पण 5,000 पार्सेकवरच्या ताऱ्याचा पराशयच 0.2 हजारांश, तिथे तीच दुरुस्ती आठ-नऊ टक्के होते. म्हणून सादरीकरणात कुणी ‘गाइयाचा पल्ला इतके हजार प्रकाशवर्षं’ असं लिहिलं की मी विचारतो, किती टक्क्यांच्या बोलीवर? अनिश्चितता पराशयाएवढीच असलेल्या ताऱ्याला d = 1/p लावणाऱ्याला कधी कधी उणे अंतर मिळतं. अशा वेळी तो तारा यादीतून गाळणं ही सर्वांत वाईट युक्ती. गाळलेले सगळे एकाच बाजूचे असतात आणि उरलेल्यांची सरासरी खोटी होते.

वरच्या पायऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, तिथली गोष्ट याच जातीची आहे. हेन्रिएटा लीविटने 1912 मध्ये लहान मॅजेलनी मेघातल्या 25 सेफीड ताऱ्यांवरून आवर्तनकाळ आणि तेज यांचं नातं मांडलं. हे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, हे त्यामागचं गृहीतक होतं आणि ते टिकलं. पण ‘सगळे सेफीड एकाच जातीचे’ हे पुढच्यांचं गृहीतक टिकलं नाही. दोन जाती आहेत हे वॉल्टर बाडेने दाखवलं आणि 1952 मध्ये देवयानी दीर्घिकेचं अंतर एका फटक्यात साधारण दुप्पट झालं. तारे तेच राहिले, फक्त त्यांची जात बदलली.

सादरीकरण तयार करणाऱ्यांना एक सुचवतो. गाइयाची विदा सर्वांना फुकट खुली आहे. कृत्तिकांच्या भोवतीचं दोन-तीन अंशांचं क्षेत्र घ्या. निजगती पूर्वेकडे वर्षाला सुमारे 20 हजारांश विकला आणि दक्षिणेकडे सुमारे 45 असलेले तारे वेगळे काढा, ते या गुच्छाचे. त्यांच्या पराशयांची सरासरी घ्या, क्वेसारांची दुरुस्ती मिळवा. साधारण 7.4 हजारांश विकला येईल आणि अंतर 135-136 पार्सेक, म्हणजे सुमारे 440 प्रकाशवर्षं. एक खबरदारी घ्या: डोळ्यांना दिसणाऱ्या सहा-सात ताऱ्यांवर भिस्त ठेवू नका. गाइयाच्या शोधकांना ते झेपत नाहीत इतके प्रखर आहेत, त्यामुळे त्यांची मापं गुच्छातल्या मंद ताऱ्यांच्या मानाने कच्ची असतात. आणि स्लाइडवर आकड्याशेजारी दोन ओळी लिहा: कोणते तारे घेतले आणि कोणते का सोडले. परीक्षक म्हणून मी गुण त्या दोन ओळींना देतो.